सुसम चतुष्फलकाचे घनफळ : आधी तळाच्या त्रिकोणाची उंची

प्रश्न : सुसम चतुष्फलकाची कड 12 सेमी दिली आहे. घनफळ काढायला सर आधी तळाच्या त्रिकोणाची उंची काढायला लावतात. त्या उंचीचा घनफळाशी काय संबंध? (दहावीची विद्यार्थिनी, सांगली)

चतुष्फलक म्हणजे त्रिकोणी तळाची सूची. त्यामुळे त्याचे घनफळ सूचीच्याच नियमाने निघते : तळाचे क्षेत्रफळ गुणिले सूचीची उंची, भागिले 3. हातात संख्या एकच आहे, कड. हव्या आहेत दोन गोष्टी : तळाचे क्षेत्रफळ आणि वरच्या शिरोबिंदूपासून तळापर्यंतचे लंबांतर. तळाच्या त्रिकोणाची उंची या दोन्ही कामांना लागते, म्हणून ती आधी काढून ठेवायची. क्षेत्रफळात ती उघड दिसते. सूचीच्या उंचीत ती लपलेली असते, आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुतेक तिथेच होतो.

कड 12 घेऊन सगळे करून पाहू. तळाचा त्रिकोण समभुज आहे. एका शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर लंब टाकला की तो त्या बाजूचे 6 आणि 6 असे दोन भाग करतो. तयार झालेल्या काटकोन त्रिकोणात कर्ण 12 आणि एक बाजू 6. पायथागोरसच्या प्रमेयाने उंचीचा वर्ग 144 − 36 = 108. म्हणजे त्रिकोणाची उंची √108 = 6√3, दशांशात 10.39 सेमी. क्षेत्रफळ झाले 1/2 × 12 × 6√3 = 36√3, म्हणजे 62.35 चौसेमी.

आता सूचीची उंची. वरच्या टोकापासून ओळंबा सोडला तर तो तळाच्या त्रिकोणाच्या मध्यगासंपातावर टेकतो. मध्यगासंपात हा त्रिकोणाच्या उंचीवरच असतो, शिरोबिंदूपासून दोन तृतीयांश अंतरावर. 6√3 चे दोन तृतीयांश म्हणजे 4√3, आणि त्याचा वर्ग 48. आता एक उभा काटकोन त्रिकोण डोळ्यांसमोर आणा. त्याचा कर्ण ही चतुष्फलकाची तिरकी कड, म्हणजे 12. जमिनीवरची बाजू 4√3. उभी बाजू ही सूचीची उंची, आणि तिचा वर्ग 144 − 48 = 96. म्हणून सूचीची उंची √96 = 4√6, म्हणजे 9.80 सेमी.

घनफळ : 1/3 × 36√3 × 4√6 = 48√18 = 144√2, म्हणजे 203.65 घसेमी.

वर्गमूळ काढायची घाई करू नका. 108, 48 आणि 96 हे तीन वर्ग तसेच पुढे नेले तर शेवटपर्यंत एकही संख्या अंदाजाची राहत नाही. हे तिन्ही 144 शी म्हणजे कडेच्या वर्गाशी ताडून पाहा. 108 हा त्याच्या पाऊणपट, 48 एक तृतीयांश आणि 96 दोन तृतीयांश. कड कितीही असली तरी हे प्रमाण बदलत नाही. V = √2/12 × a³ हे पाठ केले जाणारे सूत्र याच तीन अपूर्णांकांतून येते.

प्रश्न : याच उदाहरणाचे माझे उत्तर बरोबर 216 येते. पुस्तकात 203.65 आहे. माझे उत्तर पूर्णांकात आहे, मग छपाईची चूक तर नसेल? (पालक, नाशिक)

पुस्तक बरोबर आहे. 216 कसे येते ते सरळ दिसते : 1/3 × 36√3 × 6√3. सूत्रात सूचीची उंची घालायची, तिथे तळाच्या त्रिकोणाची उंची गेली आहे. √3 ला √3 ने गुणल्यावर करणी नाहीशी होते आणि उत्तर इतके स्वच्छ दिसते की शंकाच येत नाही. कड 6 घेतली तर हीच चूक 27 देते, तेही पूर्णांकात. खरे उत्तर तिथे 18√2, म्हणजे 25.46 आहे. ही चूक दर वेळी उत्तर साधारण 6 टक्क्यांनी फुगवते. फरक एवढा लहान असल्यामुळे नुसत्या अंदाजाने ती पकडता येत नाही.

ती पकडायला तीन लांब्या एका ओळीत मांडाव्यात : कड, त्रिकोणाची उंची, सूचीची उंची. त्या याच क्रमाने उतरत गेल्या पाहिजेत. आपल्या उदाहरणात 12, 10.39, 9.80. कारणही सोपे आहे. टोकापासून तळापर्यंत सर्वांत जवळचा रस्ता ओळंब्याचा. समोरच्या पृष्ठावरून, त्या पृष्ठाच्या उंचीने खाली आलो तर तो रस्ता तिरका, म्हणून जास्त लांब. कडेवरून उतरलो तर आणखी तिरका, म्हणून सर्वांत लांब. सूचीची उंची म्हणून काढलेली संख्या त्रिकोणाच्या उंचीइतकी किंवा तिच्याहून मोठी आली, की तिथेच थांबून मागे वळायचे.

याच तपासणीत दुसरी एक नेहमीची चूकही सापडते. काही जण दोन तृतीयांशाऐवजी त्रिकोणाची निम्मी उंची घेतात. मग वजाबाकी 144 − 27 = 117 होते आणि सूचीची उंची 10.82 येते. ती 10.39 पेक्षा मोठी, म्हणजे चूक. दोन तृतीयांशाऐवजी एक तृतीयांश घेतले तर 144 − 12 = 132 आणि उंची 11.49. तीही चूक.

या शेवटच्या चुकीत मात्र एक उपयोगी गोष्ट दडली आहे. एक तृतीयांश वापरायचेच असेल तर कर्णही बदलावा लागतो. टोकापासून एखाद्या पृष्ठाच्या उंचीने खाली आलो तर आपण तळाच्या बाजूच्या मध्यबिंदूवर पोचतो, आणि तिथून मध्यगासंपात एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे 2√3 वर असतो. आता कर्ण 12 नसून 6√3 आहे. वजाबाकी 108 − 12 = 96. तीच 96. दोन वेगळ्या वाटांनी एकच संख्या आली की उत्तराबद्दल निर्धास्त राहावे. परीक्षेत ही दुसरी वाट पडताळ्यासाठी ठेवा, अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

प्रश्न : ओळंबा मध्यगासंपातावरच का पडतो? आणि नेमके दोन तृतीयांशच का? हे आम्हाला नुसते सांगितले गेले. (अकरावीचा विद्यार्थी, पणजी)

पहिल्या भागासाठी टोकापासून तळावर लंब टाका. तो तळाला जिथे मिळतो त्या बिंदूला लंबपाद म्हणू. तळाच्या तिन्ही शिरोबिंदूंना लंबपाद जोडला की तीन उभे काटकोन त्रिकोण मिळतात. तिघांचा कर्ण 12 आहे, कारण सगळ्या कडा सारख्या. तिघांची उभी बाजू तर एकच आहे, तो लंब. मग उरलेली बाजूही तिघांची सारखीच असली पाहिजे. म्हणजे लंबपाद तळाच्या तिन्ही शिरोबिंदूंपासून समान अंतरावर आहे. असा बिंदू त्रिकोणाच्या परिवर्तुळाचे केंद्र असतो. समभुज त्रिकोणात परिकेंद्र आणि मध्यगासंपात एकाच जागी येतात, म्हणून आपण मध्यगासंपात म्हणतो. मूळ कारण परिकेंद्राचे आहे हे लक्षात ठेवा. खाली तळ समभुज नसलेल्या सूचीचा प्रश्न येणार आहे, तिथे हा फरक लागतो.

आता दोन तृतीयांश. समभुज त्रिकोणाच्या मध्यगासंपातापासून तिन्ही शिरोबिंदूंपर्यंत रेषा ओढल्या की त्रिकोणाचे तीन एकरूप तुकडे होतात. प्रत्येकाचे क्षेत्रफळ मूळ त्रिकोणाच्या एक तृतीयांश. यातला बाजूवर बसलेला कोणताही एक तुकडा घ्या. त्याचा पाया मूळ त्रिकोणाचाच, 12 सेमी. पाया तोच आणि क्षेत्रफळ एक तृतीयांश, तर उंचीही एक तृतीयांशच हवी. म्हणून मध्यगासंपात बाजूपासून 1/3 उंचीवर आहे, आणि शिरोबिंदूपासून उरलेल्या 2/3 अंतरावर.

हाच विचार एक पायरी वर नेता येतो. चतुष्फलकाच्या आतल्या केंद्रबिंदूपासून चारही शिरोबिंदूंना जोडा. आता चार एकरूप सूच्या मिळतात, प्रत्येक घनफळाने एक चतुर्थांश, प्रत्येकीचा तळ म्हणजे मूळ घनाकृतीचे एक पृष्ठ. तळ तोच, घनफळ एक चतुर्थांश, म्हणून केंद्र तळापासून 1/4 उंचीवर असते. आपल्या उदाहरणात 9.80 भागिले 4, म्हणजे 2.45 सेमी. ही संख्या पुढे ॲक्रिलिकच्या प्रश्नात वापरायची आहे.

प्रश्न : त्रिकोणाच्या क्षेत्रफळात 1/2 आणि सूचीच्या घनफळात 1/3. आर्यभटांनी सूचीसाठीही 1/2 सांगितले होते असे ऐकले. खरे आहे का? आणि 1/3 च का, हे कलनाशिवाय कळेल असे सांगता येईल का? (गणित शिक्षक, जळगाव)

खरे आहे. इ.स. 499 च्या ‘आर्यभटीया’त गणितपादातल्या एका आर्येच्या पूर्वार्धात त्रिकोणाचे क्षेत्रफळ आहे आणि उत्तरार्धात हा नियम : ‘ऊर्ध्वभुजातत्संवर्गार्धं स घनः षडश्रिरिति’. उंची आणि ते क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराचे अर्धे म्हणजे सहा कडांच्या आकृतीचे घनफळ. षडश्रि म्हणजे सहा कडांची, आपला चतुष्फलक. सपाट आकृतीतला अर्धा घनाकृतीलाही लावलेला दिसतो, आणि तो तिथे चालत नाही.

या नियमावर पहिल्या भास्करांनी इ.स. 629 च्या भाष्यात शृंगाटकाचे, म्हणजे शिंगाड्याच्या आकाराच्या घनाकृतीचे उदाहरण दिले आहे, आणि त्याची कड 12 च आहे. म्हणूनच इथेही 12 घेतली. त्यांची रीत आपल्यासारखीच आहे : आधी तळाच्या त्रिकोणाची उंची, मग त्रैराशिकाने आतले अंतर, मग वजाबाकी. संख्या ते करणींत, म्हणजे वर्गांत मांडतात. त्रिकोणाची उंची 108 करणी, आतले अंतर 48 करणी, सूचीची उंची 96 करणी. क्षेत्रफळ 3888 करणी, कारण 36√3 चा वर्ग 3888. इथवर सगळे अचूक आहे. शेवटी नियमाप्रमाणे अर्धे केल्यामुळे घनफळ 93312 करणी, म्हणजे सुमारे 305.47 येते. खरे उत्तर 203.65. ते याहून बरोबर एक तृतीयांशाने कमी आहे. दुरुस्ती फार दूर नव्हती. ब्रह्मगुप्तांनी इ.स. 628 मध्ये सूचीसाठी तीनने भागायला सांगितले आहे, आणि 1150 च्या ‘लीलावती’त ‘समखातफलत्र्यंशः सूचीखाते फलं भवति’ असा स्वच्छ नियम आहे. तेवढ्याच तळाच्या आणि तेवढ्याच खोल सरळ खड्ड्याच्या घनफळाचा त्र्यंश.

नववीत करणी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. चौदाशे वर्षांपूर्वीची पायरी आणि मुलांच्या वहीतली पायरी एकच निघते, फक्त शेवटचा भाजक वेगळा.

आता 1/3 चे कारण. एक घन घ्या, पनीरचा किंवा साबणाचा. त्याचा एक कोपरा निवडा. त्या कोपऱ्याला न लागणारी तीन पृष्ठे असतात. प्रत्येक पृष्ठ तळ धरून त्या कोपऱ्याशी सूची बनवली तर संपूर्ण घन तीन एकरूप सूच्यांत विभागला जातो, काहीच उरत नाही. म्हणून प्रत्येक सूची घनाच्या एक तृतीयांश. तिचा तळ घनाचे पृष्ठ आणि उंची घनाची कड, म्हणजे तळ × उंची हे गुणन पूर्ण घनाएवढे. त्याचा तिसरा हिस्सा सूची.

याच घनातून सुसम चतुष्फलकही बाहेर काढता येतो. घनाचे एकाआड एक असे चार कोपरे निवडा, म्हणजे ज्यांतले कोणतेही दोन घनाच्या एकाच कडेवर नसतील असे. उरलेले चार कोपरे पृष्ठांच्या कर्णांवरून सुरी चालवून कापून टाका. मध्ये राहतो तो सुसम चतुष्फलक, कारण त्याच्या सहाही कडा घनाच्या सहा पृष्ठांचे कर्ण आहेत. कापलेला प्रत्येक कोपरा ही अर्ध्या पृष्ठाच्या तळाची आणि पूर्ण उंचीची सूची असते. वरच्या सूचीचा तळ निम्मा झाला, म्हणून घनफळ घनाच्या 1/6. असे चार तुकडे म्हणजे 4/6. आत उरला 1/3.

आता आकडे. चतुष्फलकाची कड 12 हा पृष्ठाचा कर्ण, म्हणून घनाची कड 12/√2 = 6√2. घनाचे घनफळ 432√2, आणि त्याचा तिसरा हिस्सा 144√2. पहिल्या प्रश्नातले उत्तर त्रिकोणाची उंची न काढताच हाती आले. वर्गात दोन्ही रीती फळ्यावर शेजारी शेजारी ठेवल्या तर 1/2 की 1/3 हा वाद उरत नाही.

प्रश्न : 3 मिमी जाडीच्या ॲक्रिलिकचे चार समभुज त्रिकोण जोडून चतुष्फलक केला. बाहेरून कड मोजली, बरोबर 12 सेमी. गणिताने 203 मिली पाणी मावायला हवे, मावते जेमतेम 135 मिली. कुठे गळत नाही. काय चुकले? (विज्ञान प्रदर्शनाचा गट, ठाणे)

तुमची मापे बरोबर आहेत, सूत्रात घातलेली कड चुकीची आहे. पाण्याला बाहेरची कड भेटत नाही, आतली भेटते. आणि चतुष्फलकात भिंतीची जाडी कड जितकी खाते तितकी ती चौकोनी डब्यात खात नाही.

डब्याच्या आतली लांबी काढताना आपण दोन्ही बाजूंची जाडी वजा करतो, 3 मिमीच्या दोन भिंती म्हणजे 6 मिमी. इथे तशी वजाबाकी चालत नाही. इथे केंद्रापासून पृष्ठापर्यंतचे अंतर पाहायला हवे. ते सूचीच्या उंचीच्या एक चतुर्थांश असते हे वर आले आहे. बाहेरून ते 2.45 सेमी. आतले पृष्ठ भिंतीच्या जाडीएवढे केंद्राकडे सरकते, म्हणून आतले अंतर 2.45 − 0.30 = 2.15 सेमी. आतला चतुष्फलक बाहेरच्याशी समरूप आहे, त्यामुळे कडही याच प्रमाणात कमी होते. 2.15 भागिले 2.45 म्हणजे 0.8775 पट. आतली कड 10.53 सेमी. 3 मिमीच्या भिंतीने जवळजवळ दीड सेंटिमीटर कड गेली.

घनफळ कडेच्या घनाच्या प्रमाणात बदलते. 0.8775 चा घन 0.676, आणि 203.65 × 0.676 = 137.6 मिली. तुमचे 135 याच्याशी जुळते. उरलेले दोन-अडीच मिली सांध्यांतल्या डिंकाने आणि काठोकाठ न भरलेल्या कोपऱ्याने खाल्ले असतील. एक तृतीयांश घनफळ नुसत्या भिंतींत गेले, हाच प्रदर्शनाचा मुद्दा करा. बाहेरची आणि आतली कड शेजारी लिहून दोन्ही घनफळे दाखवली तर पाहणाऱ्याला त्यातले काम कळेल.

थेट सूत्र हवे असेल तर बाहेरच्या कडेतून जाडीच्या 4.9 पट वजा करा, आतली कड मिळते. 4.9 ही 2√6 ची किंमत आहे. मात्र कड मोजताना पत्र्यांच्या धारा कशा जोडल्या आहेत तेही पाहा. धारा तिरक्या घासून बाहेरच्या कडा नीट मिळवल्या असतील तरच बाहेरची कड खरी 12 असते. सरळ कापलेल्या धारा नुसत्या टेकवून मध्ये डिंक भरला असेल, तर पट्टी जिथे टेकते ती कड सूत्राची कड नसते.

प्रश्न : उलट गणित करायचे आहे. बरोबर एक लिटर मावेल असा कागदी चतुष्फलक हवा. कड किती घ्यावी आणि कागद कसा आखावा? (हस्तकला शिकवणाऱ्या शिक्षिका, पुणे)

कडेचा घन = 6√2 × घनफळ. 6√2 म्हणजे 8.485. एक लिटर 1000 घसेमी, म्हणून कडेचा घन 8485 आणि कड 20.4 सेमी. अर्ध्या लिटरला 16.2 सेमी लागते. घनफळ निम्मे झाले तरी कड फक्त एक पंचमांशाने कमी होते, हे मुलांना आधी पटत नाही.

चार त्रिकोण कापून चिकटवण्यापेक्षा सोपी रीत आहे, आणि तिच्यात पुन्हा त्रिकोणाची उंचीच कामी येते. कागदाची नळी करून ती चपटी करा, चपटी रुंदी 20.4 सेमी. एक तोंड चपटे ठेवून चिकटवा. त्यापासून 17.7 सेमीवर खूण करा. 17.7 ही 20.4 बाजूच्या समभुज त्रिकोणाची उंची आहे, म्हणजे कडेच्या 0.866 पट. आता दुसरे तोंड पहिल्याला काटकोनात फिरवून दाबा आणि खुणेवर चिकटवा. चतुष्फलक तयार. चिकटवायला दोन्ही टोकांना सेंटिमीटरभर कागद जास्त ठेवा, पण तो या 17.7 मध्ये मोजू नका. 1951 मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या टेट्रा पॅक कंपनीचे पहिले पुडे याच रीतीने, कागदाच्या नळीला आळीपाळीने आडवे-उभे दाबून होत असत, आणि कंपनीचे नावही याच आकारावरून आले आहे.

आधी लहान नमुना करून पाहायचा तर 12 सेमी रुंदीचा लिफाफा घ्या. बंद तळापासून 10.4 सेमीवर तोंड काटकोनात दाबले की पहिल्या प्रश्नातला चतुष्फलक हातात येतो. खूण 10.4 ऐवजी 12 वर केली तर आकृती लांबुडकी होते. दोन कडा 12 च्या राहतात आणि चार 13.4 च्या होतात. मोजपट्टी लावली की लगेच कळते.

प्रश्न : तळ समभुज, बाजू 12, पण तिरक्या कडा 10 च्या असतील तर? √2/12 चे सूत्र चालेल का? (अभियांत्रिकी पदविकेचा विद्यार्थी, कोल्हापूर)

नाही. त्या सूत्राला सहाही कडा सारख्या लागतात. पायऱ्यांची रीत मात्र तशीच चालते. तळ तोच, म्हणून त्रिकोणाची उंची 6√3, क्षेत्रफळ 36√3 आणि शिरोबिंदूपासून मध्यगासंपाताचे अंतर 4√3, वर्ग 48. तिन्ही तिरक्या कडा आपसांत सारख्या आहेत, त्यामुळे ओळंबाही तिथेच पडतो. फक्त शेवटच्या वजाबाकीत 144 च्या जागी 100 येतात. 100 − 48 = 52, सूचीची उंची 7.21 सेमी, घनफळ 1/3 × 62.35 × 7.21, म्हणजे सुमारे 149.9 घसेमी.

तिरकी कड 4√3 पेक्षा, म्हणजे 6.93 सेमीपेक्षा मोठीच हवी. तेवढीच असेल तर टोक तळावर टेकते आणि घनफळ शून्य होते. त्याहून लहान असेल तर वजाबाकी ऋण येते, म्हणजे तशी सूची बनतच नाही.

तळ समभुज नसेल आणि तिन्ही तिरक्या कडा सारख्या असतील, तर ओळंबा मध्यगासंपातावर पडत नाही, परिकेंद्रावर पडतो. तिथे त्रिकोणाच्या उंचीच्या दोन तृतीयांशाऐवजी परित्रिज्या घ्यावी लागते. ती काढायला तळाच्या तिन्ही बाजूंचा गुणाकार क्षेत्रफळाच्या चौपटीने भागा. 12 च्या समभुज त्रिकोणावर हे करून पाहिले तर 1728 भागिले 144√3, म्हणजे 4√3 च मिळते. तिरक्या कडाही आपसांत वेगळ्या असतील तर टोकाखालचा बिंदू असा सरळ सांगता येत नाही. तेव्हा शिरोबिंदूंचे निर्देशक मांडून निश्चयकाने घनफळ काढणे बरे.